मारिओचा रेकॉर्ड खरा की जोडलेला? एकेक फ्रेम मोजून कसं कळतं

स्पीडरन म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणं, आणि अशा कुठल्याही रेकॉर्डखाली कुणीतरी लिहितंच, "इथे बघा, व्हिडिओ मध्येच उडी मारतो, कट मारलाय, फेक आहे." आणि सोबत लाल गोल काढलेला स्क्रीनशॉट. पण उडी दिसली म्हणजे कट झाला असं नसतं. जुन्या मारिओच्या अगदी खऱ्या व्हिडिओतही अशी उडी साधारण दर दहा सेकंदांनी येणारच, आणि ती का येते ते कळलं की खोटी उडी पकडणं सोपं जातं.

उदाहरण घेऊया सुपर मारिओ ब्रदर्सचं, निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या गेम मशीनवरचं. एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या खेळाडूने हा गेम ४ मिनिटं ५४.९४८ सेकंदांत संपवला आणि पहिल्यांदाच ४:५५ च्या आत वेळ आली. आता हे .९४८ कुठून आलं? स्टॉपवॉचने एवढं बारीक मोजता येत नाही. पहिल्या लेव्हलला वरचा टायमर ४०० दाखवतो ती फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं ते एक चित्र, शोधायची, शेवटी मारिओ गेम संपवणाऱ्या कुऱ्हाडीला टेकतो ती फ्रेम शोधायची आणि मधल्या मोजायच्या. यूट्यूबवर व्हिडिओ पॉज करून `,` आणि `.` दाबलं तरी एकेक फ्रेम मागेपुढे जाते.

पण एनईएस सेकंदाला बरोब्बर ६० चित्रं काढत नाही, ६०.०९८८ काढतं. या रनमध्ये गेमच्या फ्रेम होतात १७,७२६, आणि सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओत मावतात साधारण १७,६९७. म्हणजे २९ फ्रेम व्हिडिओत आल्याच नाहीत, कुणी काही न करता! उलट ते १७,७२६ नुसते ६० ने भागले तर ४:५५.४३ येतात आणि अख्खा रेकॉर्डच गायब होतो, म्हणून कशाने भागायचं हे आधी ठरवावं लागतं.

मग गळलेली फ्रेम आणि कापलेला व्हिडिओ यात फरक कसा करायचा? मारिओ पूर्ण वेगात पळतो तेव्हा एका फ्रेमला अडीच पिक्सेल सरकतो, त्यामुळे मारिओच्या मागचा देखावा २, ३, २, ३ पिक्सेल असा सरकताना दिसतो. एक फ्रेम गळली की एकदम ५ सरकतं आणि पुढे परत २, ३ सुरू. वरचा टायमर पण दर २४ फ्रेमला एकने उतरतो, तिथे फार तर २३ मोजले जातील. पण पॉज किंवा मशरूम नसताना १७ किंवा ३१ आले तर ती गळती नाही, तिथे दोन वेगवेगळे प्रयत्न जोडलेत.

हुशार माणूस अर्थातच पळताना कट मारणार नाही, तो दोन लेव्हलमधल्या काळ्या स्क्रीनवर मारेल, कारण तिथे काही हलतच नाही. आणि मला या गेममधली सगळ्यात आवडणारी गोष्ट नेमकी इथेच कामाला येते. पुढची लेव्हल कधी सुरू करायची हे गेम दर २१ फ्रेमला एकदाच तपासतो, खेळाडू याला फ्रेमरूल म्हणतात. लोकलसारखं आहे, तुम्ही प्लॅटफॉर्मवर आधी पोचलात तरी गाडी तिच्या वेळेलाच सुटणार. म्हणून मधे पॉज केलेलं नसेल आणि मारिओने मशरूम खाल्लेलं नसेल तर एका लेव्हलच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतच्या फ्रेम २१ च्या पाढ्यात बसायलाच हव्यात.

समजा व्हिडिओत हे अंतर १९२९ फ्रेम आलं. ६० ने भागून ६०.०९८८ ने गुणलं की १९३२ येतात, म्हणजे २१ गुणिले ९२, बरोबर बसलं. आता समजा १९३६ आलं, तर गुणून १९३९ होतात, सात फ्रेम जास्तीच्या, आणि एखादी फ्रेम इकडेतिकडे धरली तरी ते पाढ्यात बसत नाही. अंदाजाने काळ्या स्क्रीनवर कापणारा बहुतेक वेळा इथेच सापडतो. ज्याला २१ चं गणित माहीत आहे तो यातून सुटेल, पण मग स्कोअर आणि कॉइनचा आकडा दोन्ही तुकड्यांत जुळवावा लागतो, शिवाय शत्रू काय करणार हे ठरवणारा गेममधला आकडा दर फ्रेमला बदलत असतो, त्यामुळे हातोडे फेकणाऱ्या हॅमर ब्रदर्सचं वागणं पण जुळायला हवं.

शेवटच्या ८-४ लेव्हलला मात्र हा आधार मिळत नाही, कारण तिथे कुऱ्हाडीला टेकलं की घड्याळ थांबतं, पाढ्याची वाट बघायची नसते, त्यामुळे तिथे एकेक फ्रेम मोजावीच लागते. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर निम्मी चित्रं आधीच गेलेली असतात आणि शेवटच्या एका फ्रेमवरून भांडण्यात अर्थ उरत नाही.

आणि व्हिडिओ अखंड आहे म्हणून तो माणसानेच खेळला असंही सिद्ध होत नाही. एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, गेम हळू करून, सेव्ह करत करत तयार केलेली बटणांची यादी सलग चालवली तर २, ३ पण बरोबर, २४ पण बरोबर, २१ पण बरोबर येईल. हे पकडायला हातांवरचा कॅमेरा लागतो, आणि मग हातातलं बटण दाबलेलं दिसतं ती फ्रेम आणि मारिओ उडतो ती फ्रेम यांच्यातलं अंतर सगळ्या रनभर सारखं राहतंय का ते बघायचं.