९५ टक्के कशाचे? स्टँडर्ड प्रॉक्टर की मॉडिफाइड प्रॉक्टर

भरावाच्या कामात "थराला ९५ टक्के डेन्सिटी पाहिजे" एवढंच बोललं जातं आणि भांडण तिथूनच सुरू होतं, कारण एकाच मातीचे ९५ टक्के दोन वेगवेगळे असू शकतात.

स्टँडर्ड आणि मॉडिफाइड प्रॉक्टर या लॅबमधल्या दोन टेस्ट. दोन्ही टेस्टमध्ये माती तीच, पाणी थोडं थोडं वाढवायचं, साच्यात थर देऊन हातोडा पाडायचा, प्रत्येक वेळी कोरडी घनता काढायची आणि ग्राफवर डोंगरासारखा कर्व्ह काढायचा, शिखराची उंची म्हणजे एमडीडी, कमाल कोरडी घनता, आणि शिखराखालचं पाणी म्हणजे ओएमसी, ती घनता देणारं पाणी. थराचे ९५ टक्के मोजायचे ते या एमडीडीचे. फरक फक्त मारात. स्टँडर्डमध्ये साधारण अडीच किलोचा हातोडा ३० सेंमीवरून पडतो, थर ३. मॉडिफाइडमध्ये साडेचार किलोचा, ४५ सेंमीवरून, थर ५. ठोके दोन्हीकडे थराला २५ च (लहान साच्यासाठी), पण हिशोब केला तर एकूण ऊर्जा जवळपास साडेचार पट होते. (तुमच्या कोडमध्ये आकडे किंचित इकडेतिकडे असतील.)

मार वाढला की शिखर वर जातं आणि डावीकडेही सरकतं, म्हणजे घनता जास्त आणि ती गाठायला पाणी कमी. इथेच गफलत होते, लोक ओएमसी हा मातीचा गुण धरून चालतात, पण तो माती आणि मार दोघांचा मिळून असतो. रोलरचाही स्वतःचा कर्व्ह असतो, तो लॅबच्या दोन्हींपैकी एकाशी जुळेलच असं नाही.

आता एक हिशोब बघा, आकडे समजण्यापुरते घेतलेत. गाळमिश्रित चिकणमाती आहे. स्टँडर्डने एमडीडी १.७८ ग्रॅम प्रति घनसेंमी, ओएमसी १५ टक्के. मॉडिफाइडने १.९२ आणि ११.५ टक्के. थर रोल झाला, सँड रिप्लेसमेंट केली, म्हणजे थरात खड्डा खणून त्यात किती वाळू मावते त्यावरून खड्ड्याचं आकारमान काढलं. खड्ड्यातून निघालेली ओली माती २१८६ ग्रॅम. शंकूतली वाळू वजा करून खड्ड्यात गेलेली वाळू १६२० ग्रॅम, वाळूची घनता १.५०, म्हणजे खड्डा १०८० घनसेंमीचा. ओली घनता २.०२४. पाणी निघालं १७ टक्के, म्हणून २.०२४ ला १.१७ ने भागायचं, कोरडी घनता १.७३. (इथे १.१७ ने भागण्याऐवजी १०० मधून १७ वजा करून ०.८३ ने गुणणारे खूप भेटतात, तसं करू नका, पाणी हे कोरड्या मातीच्या वजनावर मोजलेलं असतं.)

१.७३ भागिले १.७८ म्हणजे ९७ टक्के, पास. १.७३ भागिले १.९२ म्हणजे ९० टक्के, फेल. खड्डा तोच, माती तीच.

समजा स्पेकमध्ये मॉडिफाइडच आहे. साइटवर पहिला उपाय ठरलेला, "अजून चार फेऱ्या मार". पण ९५ टक्के म्हणजे १.८२ पाहिजे, आणि १७ टक्के पाण्यात, कणांची सापेक्ष घनता २.६८ धरली तर, मातीत हवेचा एक कणही न उरता जास्तीत जास्त १.८४ होते. म्हणजे १.८२ साठी जवळपास सगळी हवा काढावी लागेल, आणि रोलरने चिकणमातीतून ती निघत नाही, कारण उरलेल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात आणि पाणी दाबलं जात नाही. मग होतं काय, रोलर पुढे गेला की पुढची माती फुगते, मागची खाली बसून परत वर येते, पृष्ठभाग लिबलिबायला लागतो. हे दिसलं की फेऱ्या थांबवा, पुढे नुसता डिझेलचा धूर आहे. थर नांगरून फोडा, उन्हात पसरून पाणी १२ टक्क्यांच्या आसपास आणा, मग रोल करा.

आणि स्पेकमध्ये स्टँडर्ड असेल, पाण्याची मुभा ओएमसीच्या २ टक्के वर-खाली असेल, तर हाच थर सहज पास, फक्त पाणी अगदी काठावर आहे एवढं लक्षात ठेवायचं.

उलटी चूकही होते. स्पेक मॉडिफाइडचं, आणि लॅबने कर्व्ह स्टँडर्डचा दिला, तर भराभर ९८, १०१, १०३ टक्के यायला लागतात आणि सगळे खूश. १०० च्या वरचा आकडा म्हणजे लबाडीच असं नाही, जड रोलर स्टँडर्डपेक्षा जास्त मार देऊ शकतो. पण मॉडिफाइडवर १०३ आला तर आधी माती बदलली का ते बघा, उकरण्याच्या जागेत खडीचा थर लागला असेल तर जुना कर्व्ह त्या मातीला लागूच होत नाही, नवा सँपल पाठवा. टेस्ट चालू असताना शेजारी रोलर फिरत असेल तर मात्र उलटं होतं, हादऱ्याने वाळू खड्ड्यात दाटून बसते, जास्त वाळू मावते, खड्डा मोठा भासतो आणि चांगला थरही फेल दिसतो.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं ९५ न लिहिता कुठला प्रॉक्टर, कुठल्या सँपलचा कर्व्ह, एमडीडी किती आणि जागेवरचं पाणी किती हे चारही लिहून घ्या, नसेल तर सही करू नका.