सात शेंगा, त्यातल्या तीनच खऱ्या

माझी भाची सातवीत आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तिने मोबाइलवर एक फोटो पाठवला. अंगणात सोलापुरी चादर अंथरलेली, तिच्यावर सात वाळक्या वस्तू ओळीने मांडलेल्या, आणि खाली लिहिलेलं, "मामा, सात प्रकारच्या शेंगा गोळा केल्यात. नावं बरोबर आहेत का बघ." नावं होती गुलमोहर, शेवगा, वावळा, रुई, कांचन, भुईमूग आणि मुरुडशेंग. झाडांची नावं सातही बरोबर होती. चुकला होता तो फक्त "शेंगा" हा शब्द, तोही सातांपैकी चार ठिकाणी.

यात पोरीचा दोष नाही. आपली भाषाच तशी आहे. सोलापुरात नुसतं "शेंगा" म्हटलं की भुईमूगच, आणि चटणीही त्याचीच. बाकी जे काही लांबुळकं आणि झाडाला लोंबणारं असेल ते आपण शेंग म्हणून मोकळे होतो. वनस्पतिशास्त्र लांबी बघत नाही. ते शिलाई बघतं.

फुलाच्या मध्यभागी जे किंजपुट असतं, ते एक किंवा अधिक किंजदलांचं बनलेलं असतं. किंजदल म्हणजे एक पानच समजा. हे पान मधल्या शिरेवर दुमडायचं आणि त्याच्या दोन कडा एकमेकींना शिवून टाकायच्या, की झाली पिशवी. बिया त्या शिवलेल्या कडांवर लागतात. म्हणजे पिशवीला दोन रेषा आल्या, एक शिलाईची आणि एक घडीची. एकाच किंजदलापासून झालेलं फळ वाळल्यावर या दोन्ही रेषांवर उकललं, तर ती खरी शेंग, पुस्तकी भाषेत शिंबा. फक्त शिलाईवर उकललं, तर ती पेटिका. आणि अनेक किंजदलं जोडून झालेलं फळ वाळून तडकलं, तर ते बोंड. बोंड आपल्याला सांगायला नको. कापसाचं बोंड फुटून त्याच्या तीन-चार पाकळ्या होतात, त्यातली प्रत्येक पाकळी म्हणजे एक कप्पा.

मटाराची शेंग सोलताना एकदा नीट बघा. एक दाणा डाव्या टरफलाला चिकटलेला असतो, पुढचा उजव्या, पुढचा पुन्हा डाव्या. शिलाईला दोन कडा आहेत आणि दाणे आळीपाळीने दोन्हींवर लागलेत, म्हणून हे असं होतं.

आता फोटोकडे येऊ. गुलमोहराबद्दल वाद नव्हता. हातभर लांब, लाकडी, दोन फळ्यांत फाटलेली, बिया एका कडेने. रुईचं फळ होडीसारखं एकाच बाजूने उघडलेलं होतं, पाठ अखंड, आणि आतून रेशमी म्हाताऱ्या बाहेर पडत होत्या. ती पेटिका. भुईमूग मात्र फोटोवरून ओळखता येत नाही, कारण तो आपणहून उकलतच नाही, अंगठ्याने दाबावा लागतो. तरीही तो शेंगच. बहाव्याचंही तसंच, तोही झाडावर फुटत नाही. फळ कुठल्या घडणीतून आलं यावर त्याचं नाव ठरतं. पुढे ते फुटायचा आळस करतं का, हा वेगळा प्रश्न.

शेवग्याने मात्र मलाही पहिल्या नजरेत फसवलं. फोटोत दोन लांब पट्ट्या दिसत होत्या, देठाशी जोडलेल्या. दोन पट्ट्या म्हणजे शेंग, असं मन म्हणून गेलं. पण पट्ट्यांच्या आतला भाग पांढरा, स्पंजासारखा होता आणि त्यात बियांचे खळगे होते. खऱ्या शेंगेत बिया कडेला टांगलेल्या असतात, भिंतीत अशा रुतून बसत नाहीत. भाचीला म्हटलं, ते उचल आणि खालून फोटो काढ. खाली तिसरी पट्टी दबलेली निघाली. शेवगा तीन किंजदलांचा असतो आणि तीन फाकांत फुटतो. म्हणजे आमटीत आपण चोखतो ते शास्त्राप्रमाणे कोवळं बोंड. (हे जेवताना कुणाला सांगू नका, मी सांगून पाहिलंय.) फोटोवरून फळ ठरवताना घोटाळा होतो तो बहुतेक वेळा असाच, एक बाजू जमिनीकडे राहते म्हणून. वरून एक, खालून एक आणि आडवा कापून एक, असे तीन फोटो असले आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलेलं असलं, की निम्मे वाद मिटतात.

शेवग्याशेजारी एक सुटी बी पडली होती, तीन कागदी पंखांची. तिच्या खाली वावळ्याची चपटी, गोल चकती. भाचीने दोन्हींना "पंखवाल्या बिया" म्हटलं होतं. पहिली खरंच बी आहे, दुसरी अख्खं फळ. फरक टोकांवर दिसतो. वावळ्याच्या चकतीला एका बाजूला देठ असतो आणि समोरच्या बाजूला छोटी खाच. त्या खाचेशी फुलातल्या कुक्षींचे, म्हणजे किंजपुटाच्या पराग झेलणाऱ्या टोकांचे, वाळके अवशेष राहिलेले असतात. देठ आणि कुक्षी दोन्ही सापडले तर ते फळ, कारण बीला ही दोन्ही नसतात. तिला असतो फक्त नाळ तुटल्याचा एक व्रण. वावळ्याचा पंख फळाच्या सालीचा आहे, शेवग्याचा बीच्या सालीचा. उडायला दोन्ही सारखेच.

आता कांचन. माझा जीव यात अडकलाय, तेव्हा थोडा धीर धरा.

भाचीच्या फोटोत कांचनाच्या शेंगेचं एकच टरफल होतं, स्प्रिंगसारखं पिळलेलं. उन्हाळ्यात कांचनाखाली उभं राहिलं तर फट् असा आवाज येतो आणि बिया कित्येक फूट लांब जाऊन पडतात. झाडावर असताना हीच शेंग पट्टीसारखी सपाट असते. मग हा पीळ येतो कुठून?

टरफलाच्या भिंतीत कडक धाग्यांचे दोन थर असतात. एका थराचे धागे शेंगेच्या लांबीशी साधारण ४५ अंशांत तिरके एका दिशेला, दुसऱ्याचे तितकेच तिरके उलट दिशेला. म्हणजे दोन थरांचे धागे एकमेकांशी काटकोनात. ताणा-बाणा कळणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं समजावायला नको. फक्त इथे धागे एकमेकांत विणलेले नाहीत, थरावर थर चिकटवलाय, आणि सगळी चादर तिरकी कापलीय.

आता ऊन लागतं आणि पाणी निघून जातं. वाळताना धागा लांबीत जवळजवळ आखडत नाही, जाडीत आखडतो. त्यामुळे प्रत्येक थर आपल्या धाग्यांच्या आडव्या दिशेत आकसतो. आतला थर एका तिरक्या दिशेने आकसून टरफल आत वाकवू बघतो, बाहेरचा दुसऱ्या तिरक्या दिशेने आकसून बाहेर वाकवू बघतो. दोघांचं एकदम ऐकायचं तर पृष्ठभाग घोड्याच्या खोगिरासारखा व्हायला हवा. पण आपलं टरफल लांब, अरुंद पट्टी आहे, आणि तिची लांबी या दोन दिशांच्या बरोबर मधून जाते. खोगिरावर अशी मधली तिरकी रेष आखून तेवढीच पट्टी कापून काढली, तर ती पट्टी वाकलेली निघत नाही, पिळलेली निघते.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शाहाफ आर्मोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली "सायन्स" या नियतकालिकात नेमकं हेच दाखवून दिलं. त्यांनी रबराचे दोन पातळ पत्रे एकमेकांशी काटकोनात ताणून चिकटवले आणि त्यातून पट्ट्या कापल्या. तिरक्या कापलेल्या पट्ट्या कांचनासारख्या पिळल्या. ताणाच्याच दिशेने कापलेल्या पट्ट्या मात्र पीळ न घेता नुसत्या कड्यासारख्या वळल्या. रुंदीनेही फरक पडतो. अरुंद पट्टी दोरीसारखी जागच्या जागी पिळते, रुंद पट्टी नळीभोवती गुंडाळल्यासारखी स्प्रिंग होते.

एकाच शेंगेची दोन टरफलं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. एक डावीकडे पिळतं, दुसरं उजवीकडे. शेंग बंद असताना दोघंही पिळायला बघतात, पण कडा जुळलेल्या असल्यामुळे एकमेकांना धरून ठेवतात. ऊन वाढतं तसा ताण वाढत जातो, शेवटी शिवण हार मानते, आणि आपल्याला ऐकू येतो तो फट्. यात जिवंत काहीच नाही. टरफल मेलेलं आहे, काम करतंय ते पाण्याचं जाणं-येणं. उजव्या सोंडेचा गणपती, उजवा शंख यांचं कौतुक असलेल्यांनी कांचनाखाली जाऊन बघावं. उजवा पीळ तिथे फुकट मिळतो, आणि त्याच शेंगेतून डावाही.

पिळाचाच दुसरा नमुना म्हणजे मुरुडशेंग, भाचीने काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली. बाळगुटीत ती उगाळून देतात, पोटातल्या मुरड्यावर. तिच्यात औषधी द्रव्यं असतील, त्याची परीक्षा प्रयोगशाळेत व्हावी. पण "पीळ आहे म्हणून पिळवटणाऱ्या पोटावर चालते" हा तर्क फळ सांगत नाही, आपण त्याच्या तोंडी घालतो. फळ सांगतं ते इतकंच की आपण पाच जण आहोत. पाच किंजदलं एकमेकांभोवती दोरीसारखी वळलेली, वाळल्यावर सुटी होऊन आतल्या बाजूने उघडणारी. म्हणजे नावात शेंग असूनही शेंग नव्हे.

हा पीळ आणि कांचनाचा पीळ एकच नव्हे, हे फोटोवरून कळणार नाही. मुरुडशेंग वाढतानाच वळत जाते, हिरवी असतानाही ती वळलेलीच असते. कांचन वाळताना पिळतो. म्हणून भाचीला सांगितलं, दोन्ही रात्रभर पाण्यात बुडवून ठेव.

सकाळी तिचा फोटो आला. पेल्यातली मुरुडशेंग फुगलेली, पण पीळ तसाच. कांचनाचं टरफल ताटलीत पट्टीसारखं सपाट. ते मी तिला गच्चीत ठेवायला लावलं. सोलापूरचं ऊन. दुपारी जेवायच्या आत दुसरा फोटो आला, त्यात ते पुन्हा स्प्रिंग झालं होतं, आणि खाली प्रश्न: "मामा, हे किती वेळा करता येतं?"

आज सकाळपर्यंत तिचं नऊ वेळा झालंय.