क्लस्टरमध्ये हाताने केलेला बदल टिकत का नाही? आमच्या ग्राहकांसाठी गिटऑप्सविषयी माहितीपत्रक

आपली सॉफ्टवेअर सेवा ज्या क्युबरनेटीस क्लस्टरवर चालते, त्याची देखभाल आम्ही गिटऑप्स या पद्धतीने करतो. ही पद्धत नव्याने स्वीकारलेल्या ग्राहकांकडून पहिल्या काही आठवड्यांत एकच तक्रार हमखास येते. त्यांच्या इंजिनिअरने क्लस्टरमध्ये एखादी दुरुस्ती केलेली असते आणि काही सेकंदांत ती आपोआप नाहीशी झालेली असते. असे का होते, तसे होणे आपल्या हिताचे का आहे आणि तातडीच्या वेळी नेमके काय करावे, हे सांगण्यासाठी हे पत्रक तयार केले आहे.

मूळ कल्पना

क्लस्टरमध्ये काय चालले पाहिजे, म्हणजे कोणती सेवा, तिची कोणती आवृत्ती, किती प्रती आणि किती मेमरी, याचे संपूर्ण वर्णन वायएएमएल फाईलींच्या रूपात एका गिट रेपॉझिटरीत लिहिलेले असते. क्लस्टरच्या आत आर्गो सीडी नावाचा कंट्रोलर अखंड चालू असतो. रेपॉझिटरीतील वर्णन आणि क्लस्टरमधील प्रत्यक्ष स्थिती या दोहोंची तो पुन्हापुन्हा तुलना करतो आणि फरक आढळला की क्लस्टरला वर्णनाबरहुकूम करतो. या पद्धतीला ‘गिटऑप्स’ हे नाव वीव्हवर्क्स या कंपनीने 2017 मध्ये दिले. फ्लक्स हे याच कामाचे दुसरे प्रसिद्ध साधन आहे. आम्ही आर्गो सीडी वापरत असल्यामुळे या पत्रकातील तपशील त्याचेच आहेत.

यात दिशेला महत्त्व आहे. जुन्या पद्धतीत बाहेरचा एखादा सर्व्हर क्लस्टरमध्ये शिरून बदल करत असे आणि त्यासाठी क्लस्टरच्या किल्ल्या त्या सर्व्हरवर ठेवाव्या लागत. येथे कंट्रोलर आतून बाहेर पाहतो आणि रेपॉझिटरीतील मजकूर स्वतः ओढून आणतो, त्यामुळे क्लस्टरच्या किल्ल्या बाहेर कोणाकडेही द्याव्या लागत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, जुन्या पद्धतीतील सर्व्हर बदल करून मोकळा होत असे आणि त्यानंतर क्लस्टरमध्ये कोणी काय केले याचा त्याला पत्ता नसे. कंट्रोलरचे काम मात्र कधीच संपत नाही.

महिनाअखेरीच्या एका रात्रीची हकीकत

एका ग्राहकाच्या बिलिंग सेवेला 256 एमआय इतकी मेमरीची मर्यादा दिलेली होती. महिनाअखेरीला बिले तयार होऊ लागली, सेवेला त्याहून जास्त मेमरी लागली आणि पॉड वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. पॉडच्या तपशिलात `OOMKilled` हे कारण आणि 137 हा एक्झिट कोड दिसत होता, म्हणजे मेमरी ओलांडल्यामुळे लिनक्स कर्नलने प्रक्रिया बंद केली होती. ड्यूटीवर असलेल्या इंजिनिअरने दोष अचूक ओळखला आणि `kubectl edit` वापरून मर्यादा 512 एमआय केली. नवे पॉड सुरू होऊ लागले, आणि तेवढ्यात ते बंद होऊन जुन्या मर्यादेचे पॉड परत आले. त्याने हाच बदल आणखी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तेच घडले. शेवटी क्लस्टरच बिघडला आहे, अशी त्याची खात्री झाली.

क्लस्टर बिघडलेला नव्हता. त्या सेवेच्या आर्गो सीडी ॲप्लिकेशनमध्ये पुढील ओळी होत्या आणि आमच्या देखरेखीखालील बहुतेक सेवांमध्ये त्या असतात:

```yaml
syncPolicy:
  automated:
    prune: true
    selfHeal: true
```

`selfHeal: true` याचा अर्थ असा की, क्लस्टरमधील स्थिती गिटपासून ढळली तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता ती पूर्ववत करावी. क्लस्टरमधील बदल कंट्रोलरला लगेच कळतो, आणि मूळ सेटिंगप्रमाणे सुमारे पाच सेकंदांत तो दुरुस्तीला लागतो. गिटमध्ये 256 लिहिलेले होते, म्हणून त्याने 256 परत आणले. दुरुस्ती योग्य होती, पण ती चुकीच्या जागी केली गेली होती. योग्य जागी ती अशी दिसते:

```diff
       resources:
         limits:
-          memory: 256Mi
+          memory: 512Mi
```

हा बदल दुसऱ्या व्यक्तीने तपासून मुख्य शाखेत मर्ज केला की आपले काम झाले. आर्गो सीडी सर्वसाधारणपणे दर तीन मिनिटांनी रेपॉझिटरी पाहतो. तेवढा वेळ हाताशी नसेल तर पुढील आज्ञेने त्याला तत्काळ पाहायला लावता येते:

```
argocd app get billing --refresh
```

पडद्यावर प्रथम `OutOfSync` दिसेल, मग `Synced` आणि `Progressing`, आणि नवे पॉड तयार झाल्यावर `Healthy`. यातील दोन शब्दांची गल्लत होऊ देऊ नये, कारण ती आम्ही वारंवार पाहतो. `Synced` म्हणजे क्लस्टरमधील वर्णन गिटशी जुळले आहे, एवढेच. सेवा नीट चालते आहे का, हे `Healthy` सांगतो. चुकीच्या नावाची इमेज गिटमध्ये लिहिली तर ॲप्लिकेशन `Synced` दिसेल आणि तरीही पॉड कधीच सुरू होणार नाही. चुकीच्या सूचनेचे पालनसुद्धा कंट्रोलर तितक्याच निष्ठेने करतो.

रात्री दोन वाजता रेपॉझिटरीच उघडत नसेल तर

अशी वेळ येऊ शकते आणि तिच्यासाठी मार्ग ठेवलेला आहे. आपल्या ज्या अधिकाऱ्यांना परवानगी दिली आहे त्यांना त्या एका सेवेपुरती स्वयंदुरुस्ती थांबवता येते:

```
argocd app set billing --self-heal=false
```

यानंतर हाताने केलेला बदल टिकतो, पण तो तात्पुरताच. रेपॉझिटरीत पुढचा कमिट आला की कंट्रोलर पुन्हा गिटप्रमाणे सर्व लागू करतो आणि आपला बदल पुसला जातो. म्हणून सकाळी तोच बदल गिटमध्ये लिहिणे आणि स्वयंदुरुस्ती पुन्हा सुरू करणे, ही दोन्ही कामे त्याच प्रसंगाचा भाग समजावीत. काही ग्राहकांकडे आर्गो सीडीच्या ॲप्लिकेशनची व्याख्यासुद्धा गिटमध्येच ठेवलेली असते. तेथे वरील आज्ञेने केलेला बदलही मागे फिरवला जातो, त्यामुळे अशा ग्राहकांनी आधी आम्हाला फोन करावा.

कंट्रोलरला जे दिसत नाही

कंट्रोलर सर्व काही पाहतो अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे. तो गिटमध्ये लिहिलेल्या गोष्टींची तुलना करतो. ज्या फील्डचा गिटमध्ये उल्लेखच नाही, ते कोणी क्लस्टरमध्ये हाताने भरले तर ते सहसा फरक म्हणून धरले जात नाही. वरच्या उदाहरणात मेमरीची मर्यादा गिटमध्ये मुळीच लिहिलेली नसती, तर त्या इंजिनिअरने घातलेली 512 ची मर्यादा तशीच राहिली असती, पडद्यावर `Synced` दिसत राहिले असते, आणि उद्या क्लस्टर नव्याने उभा करायची वेळ आली असती तेव्हा ती मर्यादा कोठेही लिहिलेली सापडली नसती. म्हणून ज्या मूल्यांवर आपली सेवा अवलंबून आहे ती सर्व, मूळ मूल्येच वापरायची असली तरी, गिटमध्ये स्पष्टपणे लिहावीत असा आमचा आग्रह असतो.

याच नियमाचा उलट उपयोगही होतो. गर्दीप्रमाणे पॉडची संख्या कमीजास्त करणारा ऑटोस्केलर ज्या सेवेला जोडलेला आहे, तिच्या फाईलमध्ये `replicas` लिहू नये. गिटमध्ये 3 लिहिले आणि ऑटोस्केलरने गर्दी पाहून 8 केले, तर कंट्रोलर ते पुन्हा 3 वर आणतो, ऑटोस्केलर पुन्हा वाढवतो, आणि ऐन गर्दीत पॉड बंद-चालू होत राहतात. मात्र ही ओळ आधीपासून लिहिलेली असेल तर ती चालू सेवेच्या फाईलमधून एकदम खोडू नये. पूर्वी लागू केलेले फील्ड वर्णनातून गेले की क्युबरनेटीस त्याला मूळ मूल्य देते, आणि `replicas` चे मूळ मूल्य 1 आहे. आठ पॉडवर चाललेली सेवा क्षणभर एका पॉडवर येऊ शकते. हे काम कमी गर्दीच्या वेळी आणि आम्हाला कळवून करावे.

आणखी एक जागा अशी आहे जिथे सर्व काही हिरवे दिसते आणि तरीही बदल लागू झालेला नसतो. सेवेची सेटिंग्ज कॉन्फिगमॅपमध्ये असतील आणि पॉड ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून वाचत असेल, तर गिटमधील सेटिंग बदलल्यावर क्लस्टरमधील कॉन्फिगमॅप बदलतो, पण चालू पॉडने आपली मूल्ये सुरू होतानाच वाचलेली असतात आणि तो जुन्याच मूल्यांवर चालत राहतो. आमच्या नव्या ग्राहकांच्या फाईली आम्ही कस्टमाइझच्या `configMapGenerator` ने तयार करतो. त्यामुळे मजकूर बदलला की कॉन्फिगमॅपचे नावही बदलते, डिप्लॉयमेंटमधील संदर्भ बदलतो आणि पॉड आपोआप नव्याने सुरू होतात. जुन्या ग्राहकांना सेटिंग बदलल्यावर पॉड स्वतः पुन्हा सुरू करावे लागतात.

मागे फिरणे

नवी आवृत्ती बिघडली तर `git revert` करून आधीचे वर्णन परत आणावे. कंट्रोलर बाकीचे करतो. आर्गो सीडीच्या पडद्यावर रोलबॅकची सोय आहे, पण स्वयंचलित सिंक चालू असताना ती वापरता येत नाही, आणि आमच्या मते ते योग्यच आहे, कारण तसे झाले असते तर गिट एक सांगत राहिले असते आणि क्लस्टर दुसरेच चालवत राहिला असता.

गिटमधील वर्णन मागे नेल्याने डेटाबेस मात्र मागे जात नाही. नव्या आवृत्तीने एखादा कॉलम काढून टाकला असेल, तर जुनी आवृत्ती परत आल्यावर तो कॉलम शोधेल आणि कोलमडेल. म्हणून कॉलम काढण्याचे काम आम्ही दोन वेगळ्या टप्प्यांत करून घेतो: आधी त्याचा वापर थांबवणारी आवृत्ती, आणि ती काही दिवस स्थिर चालल्यानंतर कॉलम काढणारी आवृत्ती.

पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या रेपॉझिटरीत कधीही उघड लिहू नयेत. क्युबरनेटीसच्या सीक्रेट फाईलमध्ये त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांत दिसतात, पण ते बेस64 आहे आणि ते कोणालाही क्षणात उलगडता येते. एकदा कमिट झालेली किल्ली नंतर खोडली तरी इतिहासात राहते, त्यामुळे असे चुकून घडल्यास प्रथम ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी आणि मग आम्हाला कळवावे.

फोन करण्यापूर्वी

आपला बदल दिसत नसेल तर आधी कमिट मुख्य शाखेत मर्ज झाला आहे का ते पाहावे, कारण आम्हाला येणाऱ्या अशा फोनांपैकी बऱ्याचदा बदल पुल रिक्वेस्टमध्येच थांबलेला असतो. त्यानंतर पुढील आज्ञा चालवावी:

```
argocd app diff billing --refresh
```

गिट आणि क्लस्टर यांत फरक असल्यास तो ओळीओळीने दिसेल. काहीच दिसले नाही, तर कंट्रोलरने आपले काम केलेले आहे आणि दोष वर सांगितलेल्या कॉन्फिगमॅपसारख्या ठिकाणी किंवा सेवेच्या कोडमध्ये शोधावा लागेल. त्या आज्ञेचे उत्तर आणि कमिटचा क्रमांक आपण सोबत पाठवलात, तर आम्ही लगेच कामाला लागू शकतो.