दिसायला एकच ‘शेतकऱ्याला’

‘देवनागरी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, म्हणून संगणकाला सगळ्यात सोपी. नासानंही मान्य केलंय!’ हा संदेश दर दोन-चार महिन्यांनी आमच्या बेळगावच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. त्यातला नासाचा धागा 1985 सालचा आहे. रिक ब्रिग्ज या नासाशी संबंधित संशोधकानं ‘एआय मॅगझिन’मध्ये एक लेख लिहिला होता. संस्कृत वैयाकरणांची वाक्य फोडायची पद्धत यंत्रात ज्ञान साठवायला उपयोगी पडेल का, एवढाच त्याचा विषय होता. आवाज ऐकून लिहिण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि ‘जसं बोलतो तसं लिहितो’ हेही अर्धसत्यच. ‘जरा थांब’मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’मधला ज कानाला वेगळे लागतात, कागदावर मात्र एकच आहेत.

एरवी मी असे संदेश सोडून देतो. या वेळी सोडवेना, कारण त्याच आठवड्यात ‘सोप्या’ देवनागरीनं माझं डोकं खाल्लं होतं.

काम असं होतं. खानापूर तालुक्यातल्या वयस्कर माणसांचं भाताबद्दल, जंगलाबद्दल, बाजाराबद्दल बोलणं ध्वनिमुद्रित केलेलं, सगळं मिळून दोनेक तास. त्याच्या छोट्या तुकड्यांपुढे मजकूर लिहायचा आणि त्यावर व्हिस्पर हे आवाज ओळखणारं मॉडेल आमच्याकडच्या बोलीसाठी थोडं घडवायचं. लिहिणारे तिघं: एक निवृत्त मास्तर, कॉलेजात शिकणारी माझी भाची आणि मी. ‘ऐकायचं आणि लिहायचं, त्यात काय एवढं?’ असं मास्तर म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

आधी परीक्षा म्हणून एकच तुकडा सगळ्यांना दिला. भाचीनं लिहिलं:

शेतकऱ्याला पोत्यामागं दीडशे रुपये कमी मिळाले की

मास्तरांनी लिहिलं:

शेतकर्‍याला पोत्यामागे १५० रुपये कमी मिळाले की

दोघांनी एकच वाक्य ऐकलं आणि दोघांनीही ते बरोबर ऐकलं. पण आवाज-ओळख मोजताना शब्दांची चूक मोजतात: किती शब्द बदलले, गळले किंवा जास्तीचे आले, त्यांची बेरीज भागिले मूळ शब्द. इथं सात शब्दांपैकी तीन वेगळे, म्हणजे 43 टक्के चूक. दोन माणसांमध्येच एवढा फरक असेल तर बिचारं मॉडेल कुणाचं ऐकणार?

‘मागं’ आणि ‘मागे’ डोळ्यांना दिसतं, ‘दीडशे’ आणि ‘१५०’ही दिसतं. पण तिसरा फरक कुठं आहे? ‘शेतकऱ्याला’ दोन्हीकडे हुबेहूब एकच. मी दोन्ही ओळी मोठ्या अक्षरात करून पाहिल्या, छापून पाहिल्या. काही फरक नाही.

फरक अक्षरांच्या खाली असतो. संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे आणि आपलं आडवं, मिशीसारखं र (दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा यांतलं) तीन वाटांनी लिहिता येतं. पहिली वाट म्हणजे नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, आतच असलेलं ऱ हे एक चिन्ह (U+0931) आणि त्यापुढे हलन्त. दुसरीत साधं र, मग सुटा नुक्ता (U+093C), मग हलन्त. तिसरीत साधं र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह (U+200D). हे जोडचिन्ह फाँटला एवढंच सांगतं की इथं रफार डोक्यावर चढवू नकोस, आडवं र काढ. पडद्यावर तिन्हींचं चित्र एकच उमटतं. भाचीच्या मोबाइलवर पहिली वाट निघाली, मास्तरांच्या संगणकावर तिसरी. ‘ऱ्या’ची लांबी पायथॉनला विचारली तर तिन्ही वाटांची उत्तरं 4, 5 आणि 5 अशी येतात. मला खात्री पटली ती तिथं.

आता हे मॉडेलला का खुपतं? मॉडेल आवाज ऐकून पुढचा तुकडा कोणता असेल याच्या शक्यता लावत जातं. शिकवताना त्याच आवाजापुढे निम्म्या वेळा एक क्रमवारी आणि निम्म्या वेळा दुसरी दिसली, तर दोन्हींना निम्मी-निम्मी शक्यता देणं हेच त्याच्या दृष्टीनं शहाणपण ठरतं. आवाजात तर काही खूण नाही, मग निवडणार कशावरून? म्हणजे ते ‘शेतकऱ्याला’ उत्तम ऐकायला शिकलं तरी निम्म्या वेळा चुकलेलंच धरलं जाणार. हजारो तासांच्या साठ्यात हे खपून जातं, एखादी लिहिण्याची पद्धत आपोआप वरचढ ठरते. दोन तासांच्या साठ्यात तो शब्द मोजून पाच-सहा वेळा येतो, तिथं तीन-तीन अशी वाटणी झाली की संपलं.

युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण चालवलं की पहिल्या दोन वाटा एक होतात. तिसरी तशीच राहते. मग मी काय केलं, तर सगळी अदृश्य चिन्हं एका फटक्यात पुसून टाकली आणि खूश झालो. दुसऱ्या दिवशी भाचीनं विचारलं, ‘मामा, जांबोटीत दर्या कुठनं आला?’ आजोबा म्हणाले होते ‘जांबोटीच्या दऱ्या’. जोडचिन्ह गेलं तसं र डोक्यावर चढलं आणि दऱ्यांचा समुद्र झाला! त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी तिसरी वाट पहिलीत वळवायची, मगच झाडू मारायचा:

```python
import re, unicodedata

def saaf(s):
    s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
    s = s.replace("\u0905\u200D\u0945", "\u0972")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = s.replace("\u0906\u0945", "\u0911")
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = re.sub("[\u200B-\u200D\uFEFF]", "", s)
    return re.sub(r"\s+", " ", s).strip()
```

मधल्या तीन ओळी ‘ॲ’ आणि ‘ऑ’साठी आहेत. ‘ॲप’, ‘ऑफिस’ हे शब्द कुणी एका चिन्हानं लिहितं, कुणी अ किंवा आ काढून त्यावर चंद्र ठेवतं. एनएफसी यांना एक मानत नाही, हाताने सांगावं लागतं.

मोजतानाही एक खड्डा आहे. व्हिस्परसोबत इंग्रजीशिवायच्या भाषांसाठी मजकूर साफ करणारं जे साधन मिळतं, ते विरामचिन्हांबरोबर युनिकोडमधली ‘मार्क’ या वर्गातली चिन्हंही काढून त्या जागी मोकळी जागा ठेवतं. आपल्या काना-मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त, सगळे याच वर्गात. म्हणून ‘मिळाले’ आणि ‘मिळाली’ दोन्हींचं ‘म ळ ल’ होतं, एका शब्दाचे तीन होतात, आणि चुकीची टक्केवारी निरर्थक ठरते. एखाद्या मराठी मॉडेलचा आकडा फारच देखणा दिसला की मी आधी विचारतो, तो काना-मात्रा ठेवून काढलाय की काढून?

आकड्यांचा निर्णय मात्र आम्ही पाच मिनिटांत घेतला: जे तोंडातून आलं ते अक्षरात. ‘१५०’ लिहिलं तर ‘दीडशे’ आणि ‘एकशे पन्नास’ या दोन अगदी वेगळ्या आवाजांना एकच लेखन मिळतं. उलट ‘साडेतीन’ हे वेळ सांगताना 3:30 आणि वजन सांगताना 3.5 असतं. आवाजावरून ते ठरत नाही, अर्थावरून ठरतं, आणि तेवढा अर्थ कळायला दोन तास पुरत नाहीत. आकडे हवेच असतील तर मॉडेलनं लिहिल्यावर दुसऱ्या पायरीवर करता येतात. एक ते शंभरची यादी मात्र भिंतीवर लावावी लागली, कारण ‘एक्क्याऐंशी’ तिघांनी तीन प्रकारे लिहिलं. आणि आमच्याकडचा माणूस पैसे मराठीत मोजतो, पण फोन नंबर सांगताना ‘नाइन एट’ म्हणतो. तिथं ‘नाइन एट’च लिहायचं, ‘नऊ आठ’ नाही. गावाच्या नावाचंही तेच. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी आहे, पण बोलणारा बेळगाव म्हणाला तर बेळगाव आणि बेळगावी म्हणाला तर बेळगावी. नाव कुठलं बरोबर हा वाद चहाच्या टपरीवर घालावा.

शुद्धलेखनावर मास्तरांशी दोन दिवस वाद झाला. त्यांचं म्हणणं, ‘मागं’ हे अशुद्ध, ‘मागे’च लिहा. शेवटी आम्ही हद्द आखली. शब्द कोणता हे कान ठरवणार, म्हणून ‘मागं’, ‘केलं’ आणि ‘करतोयस’साठी आमच्याकडचं ‘करूलैस’ जसंच्या तसं. जिथं कानाला फरक कळतच नाही तिथं नियम ठरवणार, म्हणून शेवटची वेलांटी दीर्घ (‘कवी’) आणि ‘आणि’ मात्र ऱ्हस्व. यासाठी 1962 चे नियम समोर ठेवले. त्यात ‘करूलैस’ अर्थातच सापडत नाही. भाची ‘करूलईस’ लिहायची, मी ‘करूलायस’. एक सामायिक तक्ता केला आणि असा शब्द पहिल्यांदा येईल तेव्हाच त्याचं लेखन तिथं नोंदवायचं ठरलं.

तुकड्यांच्या लांबीचं थोडक्यात सांगतो. व्हिस्पर एका वेळी 30 सेकंद ऐकतं. छोटा तुकडा असेल तर उरलेली जागा शांततेनं भरतं, मोठा असेल तर पुढचं कापतं. एका आजीबाईंचा 34 सेकंदांचा तुकडा तसाच राहून गेला होता. शेवटचे चार सेकंद मॉडेलनं ऐकलेच नाहीत, पण मजकुरात ते शब्द होते. म्हणजे न ऐकलेलं लिहायचं शिक्षण आपणच देतो. आम्ही 3 ते 15 सेकंद ही मर्यादा धरली आणि दम घेतल्याच्या जागीच कापलं.

तरी बऱ्याच तुकड्यांत एक घोळ राहिला. आमच्याकडे वाक्याच्या शेवटी ‘की’ येतो, तोही आवाज खाली सोडून, जवळजवळ पुटपुटून. शांतता शोधून आपोआप कापणाऱ्या साधनाला तो शांतताच वाटतो. ‘कमी मिळाले की’मधला ‘की’ आवाजातून छाटला गेला, कागदावर उरला. उपाय साधा होता, दोन्ही टोकांना 0.2 सेकंद जास्त ठेवायचे. सापडला कसा, तर प्रत्येक तुकड्याची अक्षरं भागिले सेकंद काढून यादी चढत्या क्रमानं लावली आणि दोन्ही टोकांचे तुकडे हेडफोन लावून ऐकले. आकडा फार मोठा असेल तर आवाज छाटलाय, फार लहान असेल तर मजकूर गळलाय. ‘की’वाले तुकडे शेवटच्या टोकाला रांगेनं उभे होते.

एक गोष्ट मात्र तक्त्यात अजून प्रश्नचिन्हासह आहे. पोत्यांचा हिशोब सांगता सांगता तेच आजोबा मध्येच शेजाऱ्याला ‘हो’ या अर्थी कानडीत ‘हौदु’ म्हणतात. ते देवनागरीत लिहायचं हे ठरलंय. पण बोलताना त्यातला शेवटचा उ कधी ऐकू येतो, कधी येत नाही. मास्तर म्हणतात ‘हौदु’, भाची म्हणते ‘हौद’. मास्तरांचा आक्षेप असा की ‘हौद’ म्हणजे पाण्याचा. तेवढे अकरा तुकडे सध्या बाजूला ठेवलेत.