बर्ट्रांड स्पर्धा

अगदी सारखाच माल विकणारे दोघं जण एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायला भाव पाडत जातात आणि भाव शेवटी सीमांत खर्चाला, म्हणजे आणखी एक नग विकायला जेवढा खर्च येतो तिथे टेकतो, त्याला अर्थशास्त्रात बर्ट्रांड स्पर्धा म्हणतात.

नाव फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांडचं, पण त्याला श्रेय किती द्यायचं यावर एकमत नाही. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कूर्नोने १८३८ च्या पुस्तकात खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचं उदाहरण घेतलं होतं, त्यात मालक पाणी किती विकायचं तेवढं ठरवतात आणि भाव त्यावरून ठरतो. १८८३ मध्ये बर्ट्रांडने या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं आणि म्हटलं की एकाने भाव उतरवला की जवळपास सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल, मग दुसरा आणखी उतरवेल, या घसरणीला काही मर्यादाच नाही. त्यात ना समीकरण, ना सीमांत खर्चाचा उल्लेख (झऱ्याच्या पाण्याला खर्च शून्यच धरलेला). आज पुस्तकात असतं ते मॉडेल नंतरच्या लोकांनी बांधलं. बर्ट्रांडने कूर्नोला नीट वाचलं नाही असंही काही अभ्यासक म्हणतात आणि ते पटण्यासारखं आहे, कारण कूर्नोचे मालक भाव ठरवतच नव्हते.

हिशोब करून बघू. पाण्याची बाटली १२ रुपयांना पडते, गिऱ्हाईकं १००, प्रत्येकी एक बाटली घेणार आणि २० च्या वर कोणी देणार नाही. दोघंही २० ला विकतात तेव्हा प्रत्येकाच्या ५० बाटल्या जातात, नफा ४००. एकाने १९ केले की शंभरच्या शंभर त्याच्याकडे, नफा ७००, म्हणून दुसरा १८ करतो, आणि असं खाली खाली. पण भाव रुपयानेच हलत असेल तर १४ लाही गाडी थांबू शकते, कारण तिथे दोघांना १००-१०० मिळतात आणि १३ करून सगळं गिऱ्हाईक घेतलं तरी १००च. पैशापैशाने भाव पाडता आला तर मात्र तो १२ च्या अगदी जवळ जातोच.

खरी अडचण अर्थशास्त्रज्ञ एजवर्थने १८९७ मध्ये दाखवली, ती म्हणजे माल अपुरा असण्याची. समजा प्रत्येकाकडे रोज ६० च बाटल्या आहेत. समोरचा १८ वर असताना १७ केले तर ६० बाटल्यांवर ३०० सुटतात, पण भाव सरळ २० केला तर समोरच्याचा माल संपल्यावर उरलेली ४० गिऱ्हाईकं आपल्याकडेच येणार आणि त्यांच्यावर ३२० सुटतात, मग भाव कोण पाडेल? म्हणून तो विक्रेता २० वर उडी मारतो, लगेच समोरचा १९ करतो आणि पुन्हा तीच घसरण. म्हणजे भाव १२ ला टेकत नाही, कुठे स्थिरही होत नाही, वरखाली फिरत राहतो. कॅनडातल्या काही शहरांत आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये पेट्रोलचे भाव असेच हळूहळू उतरून एकदम चढताना दिसलेत, त्याला एजवर्थ चक्र म्हणतात. तिथे कारण मालाची टंचाई नसून पंपवाले आळीपाळीने भाव बदलतात हे आहे, असं बरेच जण मानतात.

१९८३ मध्ये क्रेप्स आणि शाइंकमन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की विक्रेत्यांनी आधी उत्पादनक्षमता ठरवली आणि मग भावावर भांडले, तर काही अटींखाली उत्तर कूर्नोचंच येतं, म्हणजे मालकांनी नुसतं किती विकायचं तेवढं ठरवल्यावर जे येतं तेच.