उतारावरच्या वस्तूचा बल-आराखडा आणि घसरण्याची अट

आडव्या पातळीशी θ कोन करणाऱ्या उतारावर ठेवलेल्या ठोकळ्यावर नेमकी कोणती बलं लागतात आणि तो कधी घसरतो हे या आराखड्यात काढून दाखवतात. बलं तीनच: वजन mg सरळ खाली, पृष्ठभागाने दिलेलं अभिलंब बल N पृष्ठभागाला काटकोनात, आणि घर्षण f पृष्ठभागाला चिकटून. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं, ते mg पण काढतात आणि शेजारी mg sinθ चा चौथा बाणही काढतात, म्हणजे एकच वजन दोनदा मोजलं जातं. घटक काढायचे तर तुटक रेषेने काढा आणि मग मूळ mg खोडा.

अक्ष आडवा-उभा न घेता उताराच्या दिशेने घेतला की काम सोपं होतं, कारण मग फक्त वजनच फोडावं लागतं. उताराच्या दिशेने mg sinθ, पृष्ठभागात दाबणारा mg cosθ. साइन कुठे आणि कोसाइन कुठे याचा गोंधळ झाला तर मनात फळी सपाट करा: θ = 0 ला खाली ओढणारं काहीच उरत नाही, म्हणून तिथे साइनच हवा.

आता 2 किलोचा ठोकळा, स्थितिक घर्षण गुणांक μ = 0.5, फळी 20 अंशांवर. वजन 19.6 न्यूटन, त्यातलं उताराने खाली साधारण 6.7 आणि N साधारण 18.4. घर्षण किती? 0.5 × 18.4 म्हणजे 9.2 असं पटकन लिहिलं जातं, पण ते चूक आहे, तसं असतं तर ठोकळा आपोआप वर सरकला असता! 9.2 ही फक्त कमाल मर्यादा, प्रत्यक्षात घर्षण लागतं तेवढंच येतं, म्हणजे 6.7, आणि ठोकळा जागेवर राहतो.

फळी हळूहळू उचलत गेलो की sin वाढतो, cos घटतो, आणि mg sinθ ने μN गाठलं की ठोकळा सुटण्याच्या बेतात येतो. दोन्हीकडचं mg कटतं आणि उरतं tanθ = μ, म्हणजे इथे साधारण 26.6 अंश. याला विश्राम कोन म्हणतात. वस्तुमान कटल्यामुळे 2 किलोचा आणि 20 किलोचा ठोकळा एकाच कोनाला सुटतो, फक्त पृष्ठभाग तेच हवेत, आणि म्हणूनच कोन मोजून गुणांक काढता येतो.

एकदा सुटला की गतिज गुणांक लागू होतो, तो सहसा कमी असतो. समजा 0.4, तर त्याच कोनाला ठोकळा सुमारे 0.9 m/s² त्वरणाने खाली जातो, म्हणून तो अलगद न सरकता झटक्यात निघतो.

ही अट ठोकळा बसका असेल तरच पुरते. उंच आणि अरुंद खोका असेल, म्हणजे पायाची रुंदी भागिले उंची हे μ पेक्षा कमी असेल, तर तो घसरायच्या आधीच कलंडतो.