व्यक्तिचित्रातील व्यक्तीची ओळख (मुघल व दख्खनी लघुचित्रे)

चित्रातली व्यक्ती कोण, हे केवळ चेहऱ्यावरून न ठरवता तिच्या हातातली वस्तू, पोशाखाची ठेवण, दागिने, भोवतीची प्रतीके आणि चित्रावरचा लेख यांच्या आधारे ठरवण्याची पद्धती. जगभरच्या चित्रकलेत ती वापरली जाते. सतराव्या शतकातील मुघल आणि दख्खनी लघुचित्रांत मात्र तिच्यावाचून पाऊलच टाकता येत नाही, म्हणून या नोंदीत त्याच चित्रांचा विचार केला आहे.

मुघल दरबारात हुबेहूब चेहरा काढण्याची हौस अकबराच्या काळापासून होती आणि जहांगीरच्या कारकिर्दीत (१६०५–१६२७) ती शिगेला पोहोचली. तरीही एकटा चेहरा पुरावा म्हणून अपुरा पडतो. एक कारण नकलांचे आहे. चित्रशाळेत एखाद्या अमीराचा मान्य झालेला खाका जपून ठेवत. पारदर्शक कातड्यावर तो उतरवून घ्यायचा, रेषांवर सुईने भोके पाडायची आणि वरून कोळशाची पूड झटकायची, की खालच्या कागदावर तीच आकृती ठिपक्यांनी उमटे. या साधनाला चरबा म्हणतात. एकाच चरब्यावरून पुढे अनेक वर्षे चित्रे निघत. त्यातल्या शेवटच्या चित्रकाराने मूळ माणसाला पाहिलेलेही नसे. दुसरे कारण असे, की काही माणसे चित्रकाराच्या आवाक्याबाहेरच होती. जहांगीर आणि इराणचा शाह अब्बास यांची कधीच भेट झाली नाही. असे असूनही जहांगीरचा दरबारी चित्रकार अबुल हसन याने दोघे एकमेकांना आलिंगन देत असल्याचे चित्र रंगवले. जहांगीर सिंहावर उभा आहे, शाह मेंढीवर, आणि दोन्ही जनावरे पृथ्वीच्या गोलावर आहेत. इराणकडे निघालेल्या वकिलातीबरोबर जहांगीरने १६१३ मध्ये बिशनदास या चित्रकाराला पाठवले, ते शाहचा खरा चेहरा कागदावर उतरवून आणण्यासाठीच.

हातातल्या वस्तू सगळ्या सारख्या बोलक्या नसतात. हातात गुलाबाचे फूल असले तर त्यावरून माणूस दरबारी संस्कारांतला आहे, एवढेच कळते. शहजादे, अमीर, अगदी मध्यम हुद्द्याचे मनसबदारही फूल धरून उभे असतात. कमरेच्या शेल्यात खोचलेले कलमदान जास्त उपयोगी, कारण ते लेखणीच्या कारभाराकडे, म्हणजे दिवाण किंवा मुनशी यांच्याकडे बोट दाखवते. हातमोजा घातलेल्या मुठीवर बाज बसलेला असेल तर शिकारखान्याशी संबंध संभवतो, पण शौकीन राजपुत्रही बाज घेऊनच चित्रासाठी उभे राहत. अशा वस्तूंवरून नाव मिळत नाही. मिळतो तो हुद्दा, आणि त्यामुळे शक्यतांची यादी आखूड होते. डोक्यामागचे तेजोवलय, छत्र, मागे मोर्चेल ढाळणारा सेवक या खुणा त्याहून नेमक्या आहेत, कारण त्यांचा मान थोड्यांनाच होता.

पोशाखातली सर्वांत कामाची खूण जाम्याच्या बंदांची. जामा म्हणजे दरबारी अंगरखा, तो काखेखाली बंदांनी बांधत. मुघल दरबाराच्या रिवाजात मुसलमान तो स्वतःच्या उजव्या बाजूला बांधत आणि हिंदू डाव्या बाजूला. चित्रात बंदांचा छोटा झुबका दिसला, की चेहऱ्याकडे न पाहताही अर्धे दरबारी बाजूला काढता येतात. पण इथेच एक खोडा आहे. चरबा उलटा ठेवून नक्कल केली तर सगळी आकृती आरशातल्यासारखी उलटते आणि डावी गाठ उजवी होते. म्हणून गाठ वाचण्याआधी तलवार पाहावी. उजव्या हाताचा माणूस तलवार डाव्या कमरेला लटकवतो. ती उजवीकडे लटकलेली दिसली तर चित्र उलटलेले असण्याची शंका घ्यावी आणि गाठीचा अर्थही उलटा लावून पाहावा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या युरोपीय प्रतींत हा घोळ अधिक होतो, कारण कोरणाऱ्याने आधीच आकृती उलटी कोरली नसेल तर छाप उलटाच पडतो.

एक चित्र जवळून

वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहातील, बिचित्र या मुघल चित्रकाराचे चित्र (सुमारे १६१५–१८) या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. त्यात प्रमुख माणसे पाच आहेत आणि पाचही जणांची ओळख वेगवेगळ्या वाटेने पटते.

मोठ्या वाळूच्या घड्याळावर जहांगीर बसला आहे. त्याचा चेहरा इतर चित्रांतून परिचित आहे हे खरे, पण त्याची जरूरच पडू नये इतकी प्रतीके भोवती आहेत. डोक्यामागे सूर्य आणि चंद्रकोर मिळून झालेले भलेमोठे तेजोवलय आहे, आणि घड्याळाच्या काचेवर युरोपीय धर्तीची पंखवाली बालके बादशहाला हजार वर्षांचे राज्य चिंतणारा मजकूर लिहीत आहेत. त्याच्यासमोर डावीकडे चार माणसे वरून खाली मानाच्या उतरत्या क्रमाने आहेत. सर्वांत वर पांढऱ्या दाढीचा सूफी शेख. बादशहा त्याला ग्रंथ देतो आहे आणि शेख तो उघड्या हाताने न घेता वस्त्रावर झेलतो आहे. अजमेरच्या चिश्ती दर्ग्याचा शेख हुसेन म्हणून त्याची ओळख सांगितली जाते. त्यासाठी जहांगीरचा अजमेरशी असलेला संबंध हा मुख्य आधार आहे. म्हणजे ही ओळख प्रसंगावरून बांधलेली आहे. ती पटण्यासारखी आहे, पण नाव लिहिलेले असते तर जितकी पक्की झाली असती तितकी पक्की नाही.

त्याखाली हात जोडून उभा असलेला उस्मानी सुलतान. इथे पद्धतीची मर्यादा स्वच्छ दिसते. पगडी आणि पेहराव यांवरून तो तुर्कांचा सुलतान हे कळते, पण कुठला सुलतान हे विचारण्यात अर्थ नाही. चित्रकाराने युरोपीय चित्रावरून एक ‘सुलतान’ उभा केला आहे, त्या घडीला गादीवर असलेल्या विशिष्ट माणसाची ती छबी नव्हे. अशा आकृतीला नाव चिकटवण्याचा मोह टाळलेला बरा.

तिसरा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स. बाकीच्यांचे चेहरे एका बाजूने किंवा वळवून दाखवले आहेत, हा मात्र अंग थोडे वळवून प्रेक्षकाकडे पाहतो. हा विजोडपणाच ओळखीचा धागा ठरला. इंग्लंडचा वकील सर थॉमस रो याच्या वकिलातीतून जेम्सचे चित्र मुघल दरबारी पोहोचले होते, आणि बिचित्रने तशाच एका इंग्लिश चित्राची नक्कल इथे बसवली. ओळख चेहऱ्याच्या जोरावरच पटते, पण तो चेहरा राजाचा नसून दुसऱ्या चित्राचा आहे.

अगदी खालच्या कोपऱ्यात पिवळ्या जाम्यातला माणूस. जाम्याचे बंद डावीकडे आहेत, म्हणजे दरबारच्या चाकरीतला हिंदू. त्याने हातात एक छोटे चित्र धरले आहे. त्यात दोन घोडे, एक हत्ती आणि तसाच पिवळा जामा घातलेला, वाकून मुजरा करणारा माणूस दिसतो. बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर बिचित्रची सही आहे. बंद, हातातले चित्र आणि सही या तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, आणि तिन्ही एकाच निष्कर्षाला येतात: हा खुद्द चित्रकार. पाचही ओळखींत मला हीच सर्वांत भक्कम वाटते, आणि गंमत म्हणजे बिचित्रचा चेहरा कसा होता हे आपल्याला आधी ठाऊक असण्याची त्यासाठी काही गरजच पडत नाही.

लेख आणि त्यांची विश्वासार्हता

फार्सी लेखांत व्यक्तीच्या नावाआधी ‘शबीह’ (प्रतिमा) आणि चित्रकाराच्या नावाआधी ‘अमल’ (काम) हे शब्द येतात. ते उलटसुलट वाचले तर चित्रकारच चित्रातला माणूस होऊन बसतो. लेख कुठे आहे तेही पाहावे लागते. दरबाराच्या गर्दीच्या चित्रांत अमीरांची नावे त्यांच्या कपड्यांवर भिंगातूनच वाचता येतील इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेली सापडतात. ही नावे चित्रशाळेतच पडलेली असल्याने मोलाची. हाशियावरचे, म्हणजे चित्राभोवतीच्या कडेवरचे, आणि पाठीवरचे लेख बरेचदा नंतरचे असतात. चित्र एका मुरक्क्यातून, म्हणजे चित्रांच्या बांधीव संग्रहातून, काढून दुसऱ्यात डकवताना हाशिया बदलतो आणि त्याबरोबर शेजारच्या चित्राचे नावही येऊ शकते.

उत्तम लेख म्हणजे ज्याचे चित्र त्याचाच हात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तरुण शाहजहानचे, म्हणजे तेव्हाच्या राजपुत्र खुर्रमचे, एक चित्र आहे. त्याच्या हातात पगडीवर लावायचा जडावाचा सरपेच आहे. ही आपल्या पंचविसाव्या वर्षातली चांगली छबी असून नादिरुज्जमानचे, म्हणजे अबुल हसनचे काम आहे, असे शाहजहानने स्वतः त्यावर लिहिले आहे. त्यामुळे चित्र १६१६–१७ च्या सुमाराचे ठरते. सरपेच हातात असणे राजपुत्राला साजेसे, पण लेख नसता तर त्यावरून खुर्रमच असे म्हणता आले नसते.

याच्या दुसऱ्या टोकाला एकोणिसाव्या शतकात दिल्लीत हस्तिदंतावर रंगवून प्रवाशांना विकलेल्या मुमताजमहल आणि नूरजहान. त्यांवरची नावे गिऱ्हाइकासाठी आहेत. जनानखान्यातल्या स्त्रियांचे चेहरे या चित्रकारांनी पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

महाराष्ट्रात हा विषय जिव्हाळ्याचा झाला तो शिवाजी महाराजांच्या चित्रामुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. पुस्तकातले नाव पाहून पुढचे पुस्तक तेच नाव घेई, आणि मूळ चित्राकडे कोणी जात नसे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी हा घोटाळा उघड केला आणि १९३३ मध्ये डच साधनांतले महाराजांचे चित्र पुढे आणले. त्यांच्या कामाचे मर्म चेहरा पारखण्यात नव्हते. चित्राला नाव कोणी दिले आणि त्या माणसाला ते कसे ठाऊक असणार, हा प्रश्न त्यांनी विचारला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याकडे युरोपीय गिऱ्हाइकांसाठी राजे-सरदारांच्या चित्रांचे संच तयार होत. त्यांतला निकोलास विट्सन या डच गृहस्थाचा संच आता ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. असे संच बहुधा साच्यांवरून रंगवलेले असतात, त्यामुळे चेहऱ्याच्या बारकाव्यांवर फार भार टाकू नये. मनुचीचा संच थोडा वेगळा. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत महाराजांना प्रत्यक्ष भेटला होता. पुढे त्याने मीर महंमद या चित्रकाराकडून चित्रे करवून घेतली, ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत महाराज घोड्यावर असून बरोबर पायदळाचे शिपाई चालत आहेत. घोडा आणि शिपाई कुठल्याही सरदाराचे असू शकतात. इथे वजन आहे ते चित्र करवून घेणाऱ्याला, कारण त्याने हा माणूस पाहिला होता.